उत्तर 19 कसं आलं?

1978 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: 12/13 + 7/8 ची बेरीज कशाच्या जवळ? पर्याय 1, 2, 19, 21. दोन्ही अपूर्णांक एकाहून किंचित कमी, म्हणून उत्तर 2. ते फक्त 24 टक्के मुलांनी निवडलं. 19 ही अंशांची बेरीज, 21 ही छेदांची. चुकीचे पर्याय असेच हवेत, गैरसमज उघड करणारे.

याआधी सोपा प्रश्न ठेवावा: 7/8 हा 0, अर्धा की 1 च्या जवळ? मग तुलना. पण 12/13 आणि 7/8 यांत मोठा कोणता, हा प्रश्न फसवा आहे. ‘आकडे मोठे म्हणून 12/13’ म्हणणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळतात. त्याऐवजी 12/15 आणि 7/8 द्यावेत. तिथे ती समजूत चुकते.