०.१०७ म्हणजे किती टक्के?

'शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की कमाई साधारण दहा टक्क्यांनी वाढते', अशा धाटणीचं वाक्य अर्थशास्त्राच्या अहवालांतून वर्तमानपत्रांत येतं आणि तिथून भाषणांत जातं. हे दहा टक्के कुणी थेट मोजलेले नसतात. कमाईचा आधी लॉग घेतलेला असतो, त्या लॉगवर समीकरण बसवलेलं असतं आणि समीकरणातून ०.१०च्या आसपासचा एक सहगुणक बाहेर आलेला असतो. त्या दशांशाचं 'टक्के' असं भाषांतर करणं बऱ्याचदा चालतं, पण कधीकधी ते चांगलंच फसतं.

या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं समीकरण जेकब मिन्सर यांचं. पोलंडमध्ये जन्मलेले मिन्सर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत. १९७४ सालच्या पुस्तकात त्यांनी अमेरिकेच्या १९६० सालच्या जनगणनेतला हजारात एक असा नमुना घेतला. त्यात शेतीबाहेर काम करणारे गोरे पुरुष होते आणि कमाई १९५९ या वर्षाची होती. समीकरण असं आलं:

log(Y) = 6.20 + 0.107 S + 0.081 X − 0.0012 X²

Y म्हणजे वर्षाची कमाई डॉलरमध्ये, S शिक्षणाची वर्षं आणि X कामाच्या अनुभवाची वर्षं. डावीकडे नुसता Y नाही, Y चा लॉग आहे. आजचा सगळा खटाटोप त्या तीन अक्षरांपायी.

लॉग कशाला, याचं उत्तर आपल्या पगारपत्रकातच आहे. सातव्या वेतन आयोगात वार्षिक वेतनवाढ मूळ वेतनाच्या तीन टक्के. शिपायाचीही तीन टक्के आणि उपसचिवाचीही. रुपयांत दोघांच्या वाढीत जमीन-अस्मानाचा फरक, पण दोघांचाही पगार १.०३ने गुणला गेला. कमाई अशी गुणाकाराने वाढते. नुसत्या रुपयांवर किंवा डॉलरवर सरळ रेषेचं समीकरण बसवलं, तर ते सगळ्यांना सारखीच रक्कम वाढवून देतं आणि वरच्या मोजक्या गलेलठ्ठ पगारांच्या ओढीने रेषा कलंडते. लॉग गुणाकाराची बेरीज करून टाकतो. कुणाचाही पगार १.०३ने गुणला गेला, की त्याच्या लॉगमध्ये ०.०२९५६ची भर पडते. पगार कितीही असो, भर तेवढीच.

०.०२९५६ हा आकडा नीट पाहा. तीन टक्के म्हणजे ०.०३, आणि लॉगमधला फरक जवळजवळ तेवढाच निघाला. वाढ लहान असेल तेव्हा लॉगमधला फरक हाच टक्केवारीचा फरक धरता येतो, हा सगळा हिशेब या एका सोयीवर उभा आहे. मात्र ही सोय नैसर्गिक लॉगपुरतीच, म्हणजे e या पायाच्या लॉगपुरती. बारावीला केमिस्ट्रीच्या पेपरात ज्यांनी लॉग टेबल उलटंपालटं केलं, त्यांचा लॉग दहाच्या पायाचा होता. त्या लॉगने मिन्सर यांचा ०.१०७ हा ०.०४६ होतो, आणि कुणी त्याला भाबडेपणाने 'पावणेपाच टक्के' म्हणाला तर उत्तर निम्म्याहून खाली गेलं. एक्सेलमध्ये `LOG` लिहिलं तर दहाचा पाया मिळतो, नैसर्गिक लॉगसाठी `LN` लिहावं लागतं. आर या संख्याशास्त्राच्या प्रणालीत मात्र `log` म्हणजेच नैसर्गिक लॉग. एकाच तक्त्यावर दोघांनी काम करून वेगळे आकडे काढले, की मी सर्वांत आधी इथे बघतो.

आता ०.१०७कडे वळू. अनुभव तेवढाच ठेवून शिक्षण एका वर्षाने वाढलं, तर कमाईच्या लॉगमध्ये ०.१०७ची भर पडते. ढोबळ वाचन १०.७ टक्के. अचूक वाचनासाठी लॉग उलटा फिरवावा लागतो. सूत्र छोटं आहे: सहगुणक b असेल तर टक्केवारी 100 × (e^b − 1). यात ०.१०७ घातल्यावर येतात ११.३ टक्के. इथे फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपासचा, म्हणून कुणी त्यावर वाद घालत नाही.

पण वाचक एका वर्षापाशी थांबत नाही. तो विचारतो, बारावीपर्यंत शिकलेला आणि पुढे चार वर्षांची पदवी घेतलेला, यांच्यात किती? ०.१०७ला चारने गुणून '४२.८ टक्के' सांगण्याचा मोह होतो. खरी किंमत समीकरणातच घालून पाहू. दोघांनाही दहा वर्षांचा अनुभव आहे. बारा वर्षं शिकलेल्याचा लॉग ८.१७४, म्हणजे सुमारे ३,५४७ डॉलर. सोळा वर्षं शिकलेल्याचा ८.६०२, म्हणजे ५,४४२ डॉलर. फरक ५३.४ टक्के निघतो. वरचे साडेदहा टक्के चक्रवाढीचे आहेत, कारण दुसऱ्या वर्षाची वाढ पहिल्या वर्षाने वाढवलेल्या कमाईवर बसते. लॉगच्या पायरीवर बेरीज करायला हरकत नाही, टक्क्यांच्या पायरीवर करायची नाही. आधी सहगुणक चारने गुणा, मग सूत्रात घाला.

त्याच समीकरणात आठ वर्षं शिकलेला २,३१२ डॉलरवर आहे. आठवरून बारावर गेल्यास वाढतात १,२३५ डॉलर, बारावरून सोळावर गेल्यास १,८९५. टक्के दोन्हीकडे ५३.४च. ही समानता आकडेवारीने शोधून दिलेली नाही, समीकरणाच्या घडणीनेच ती लादली आहे. शिक्षणाचं प्रत्येक वर्ष सारख्याच पटीने कमाई वाढवतं, हे गृहीत धरूनच मिन्सर निघाले होते. अनुभवाबाबत त्यांनी तसं धरलं नाही. X² असल्यामुळे अनुभवाच्या वर्षाचा फायदा सुरुवातीला आठ टक्क्यांच्या आसपास असतो, दहा वर्षांनी पावणेसहावर येतो आणि चौतीस वर्षांच्या सुमारास संपतो. आणखी एक गंमत: अनुभव समीकरणात न घेता मिन्सर यांनी नुसतं शिक्षण ठेवलं, तेव्हा सहगुणक ०.०७०च आला. जास्त शिकलेला माणूस त्याच वयाच्या दुसऱ्यापेक्षा उशिरा कामाला लागतो, त्यामुळे त्याचा अनुभव कमी असतो आणि शिक्षणाचा काही फायदा त्या कमतरतेखाली झाकला जातो. तेव्हा 'इतके टक्के' ऐकल्यावर 'काय स्थिर ठेवून?' हा प्रश्न विचारायलाच हवा. जास्त शिकणारे मुळातच वेगळ्या घरांतले होते का, या शंकेला लॉग काहीही उत्तर देत नाही.

खरी फसगत होते ती हो-नाही प्रकारच्या घटकांत: शहरात राहतो की नाही, संघटनेचा सभासद आहे की नाही. इथे 'थोडंसं वाढलं' असं काही नसतं, उडी एकदम असते आणि सहगुणक मोठा असू शकतो. रॉबर्ट हॅल्वर्सन आणि रेमंड पामक्विस्ट यांनी १९८०मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त एक छोटा लेख लिहून दाखवलं, की कसलेले अर्थतज्ज्ञही अशा सहगुणकाला नुसतं शंभरने गुणून टक्के सांगतात. समजा एखाद्या गटाचा सहगुणक −०.५ आला. शंभरने गुणणारा म्हणेल, कमाई पन्नास टक्के कमी. सूत्र सांगतं ३९.३ टक्के. आता तुलना उलटी करा, म्हणजे त्या गटापेक्षा दुसऱ्याची कमाई किती जास्त? सहगुणक +०.५ होतो आणि उत्तर ६४.९ टक्के. लॉगमध्ये चढ आणि उतार सारखे, टक्क्यांत नाहीत. निम्म्यावर आलेली कमाई पूर्ववत व्हायला शंभर टक्के वाढावी लागते, तसंच हे. चुकीचं वाचन पकडायचं एक हमखास ठिकाण म्हणजे −१.२सारखा सहगुणक. 'एकशेवीस टक्क्यांनी कमी' कमाई कुणाचीच असू शकत नाही, ती खरं तर सुमारे ७० टक्क्यांनी कमी असते. ०.१पर्यंत ढोबळ वाचन खुशाल करावं (०.१चे अचूक १०.५ टक्के होतात), ०.२ला २२.१ येतात, तिथून पुढे सूत्राशिवाय बोलू नये.

एवढं अचूक केल्यावरही 'कोणाची कमाई?' हे उरतं. वर ३,५४७ डॉलर आले, ती बारा वर्षं शिकलेल्यांची सरासरी कमाई नव्हे. समीकरणाने सरासरी काढली ती लॉगची, आणि लॉगची सरासरी उलटी फिरवली की गुणोत्तरी सरासरी हाती येते. लॉगचं वितरण दोन्ही बाजूंनी सारखं असेल, तर तीच मध्यक ठरते, म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाची कमाई. नेहमीची सरासरी तिच्या वर असते, कारण वरच्या टोकाचे पगार तिला ओढतात. मिन्सर यांच्या समीकरणाने लॉगमधल्या विचरणाचा २८.५ टक्के भागच उलगडला होता, बाकीचा भाग तशाच शिक्षण-अनुभवाच्या माणसांमधला फरक. हा उरलेला विखुरलेपणा किती आहे, यावर सरासरी किती वर जाईल ते ठरतं. उरलेल्या फरकाचं प्रमाणविचलन ०.७ असेल आणि वितरण घंटाकृती असेल, तर सरासरी मध्यकापेक्षा सुमारे २८ टक्के जास्त निघते. टक्के सांगायचे असतील तर बहुधा अडचण नाही, कारण विखुरलेपणा दोन्ही गटांत सारखा असेल तर हा २८ टक्क्यांचा गुणक कटून जातो. पण एखाद्या खात्याला एकूण पगारबिलाचा अंदाज हवा असेल, तर मध्यकाला माणसांच्या संख्येने गुणून काढलेला आकडा हमखास तोकडा पडतो. त्यासाठी नाइहुआ डुआन यांनी १९८३मध्ये सोपी दुरुस्ती सुचवली: प्रत्येक माणसाचा उरलेला फरक उलट्या लॉगने फिरवा, त्यांची सरासरी काढा आणि अंदाजाला तिने गुणा.

शेवटची अडचण शून्याची. ज्याची कमाई शून्य, त्याला लॉगच नाही. मिन्सर यांनी कमावते पुरुषच घेतले, म्हणून हा प्रश्न त्यांच्या वाटेत आला नाही. घरकाम करणाऱ्या बायका किंवा बेरोजगार तक्त्यात असतील तर तो येतो, आणि सगळ्यांच्या कमाईत एक मिळवून लॉग घेण्याची पळवाट फार प्रचलित आहे. ती वाईट आहे. शून्यावरून हजार डॉलरवर गेलेल्या माणसाचा फरक या पद्धतीने ६.९ येतो, तीच रक्कम सेंटमध्ये लिहिली तर ११.५. माणूस तोच, पैसे तेवढेच, नुसतं एकक बदललं आणि 'टक्के' बदलले. शून्यं मोजकी नसतील तर लॉगचा नाद सोडून प्वासाँ पद्धतीचं समीकरण बसवणं बरं. व्यापाराच्या आकडेवारीत ते २००६ साली सांतोस सिल्वा आणि तेन्रेरो यांनी रुळवलं. त्यात डावीकडे कमाई जशीच्या तशी राहते, शून्यं चालतात, अंदाज सरासरीचा येतो आणि सहगुणक मात्र त्याच सूत्राने, e^b − 1 करूनच वाचायचा असतो.