मोजणीच्या कागदावरचा आकडा

मालमोजणीच्या हस्तलिखित कागदाचा फोटो पाहून नोंद करताना मालाचे नाव, प्रत्येक फळीवरचा आकडा आणि एकूण हे तिन्ही कागदावर आहेत तसेच, वेगवेगळ्या रकान्यांत उतरवावेत. फक्त एकूण आकडा घेतला तर काम लवकर होते हे खरे, पण चूक पकडण्याचे साधनच हातचे जाते. समजा, तूरडाळीच्या एक किलोच्या पाकिटांपुढे पहिल्या फळीवर १२, दुसरीवर ९ आणि एकूण १३ दिसते. बेरीज २१ होते, म्हणजे तो ९ बहुधा १ असावा. मात्र बेरीज मोजणाऱ्याचीही चुकू शकते. म्हणून फोटो मोठा करून त्याच हाताचे इतर १ आणि ९ ताडून पाहावेत, तरीही उलगडा झाला नाही तर ‘शंका’ असा शेरा लिहून ती फळी पुन्हा मोजायला सांगावी.

संगणकातल्या शिलकेवरून अंदाज बांधावा, असे कोणी म्हणेल. पण मोजणी त्या शिलकेची पारख करण्यासाठीच असते. शिलकेवरूनच आकडा भरला की चोरी, नासाडी किंवा बिलातली चूक झाकली जाते. रिकामी चौकटही शून्य धरू नये. शून्य म्हणजे फळी पाहिली आणि माल नव्हता. रिकामी चौकट म्हणजे मोजणी झाल्याचा पुरावा नाही.