गुणाकाराची बेरीज करणारे एकमेव फल

दोन संख्यांच्या गुणाकाराचे रूपांतर बेरजेत करणारे फल म्हणजे f(xy) = f(x) + f(y) ही अट पाळणारे फल. लॉगरिदम ही अट पाळतो, हे शाळेतच शिकवले जाते. पण ती पाळणारे दुसरे फल का सापडत नाही, याचे उत्तर या अटीतच दडलेले आहे.

अट फक्त धन संख्यांना लावायची. शून्य आत घेतले, तर f(0) = f(0) + f(x) असे होते, म्हणजे प्रत्येक x साठी f(x) शून्यच येते आणि फलात काही उरत नाही. x आणि y दोन्ही 1 घेतले, की f(1) = 2f(1), म्हणून f(1) = 0. एकच संख्या n वेळा गुणली, तर f(xⁿ) = n·f(x). घातांक खाली उतरून गुणक होतो, आणि पुढचे सारे काम हाच नियम करतो.

आता आणखी एक अट घालू : संख्या वाढली की फलाची किंमतही वाढावी. मग f(10) धन असणारच. सोयीसाठी ती 1 धरू, म्हणजे f(10ᵏ) = k. एवढ्यावर f(2) ठरते का? 2¹⁰ म्हणजे 1024. ही संख्या 10³ आणि 10⁴ यांच्यामध्ये येते, म्हणून 10·f(2) ही किंमत 3 आणि 4 यांच्यामध्ये, तर f(2) ही 0.3 आणि 0.4 यांच्यामध्ये. 2¹⁰⁰ मध्ये 31 अंक आहेत, म्हणून f(2) ही 0.30 ते 0.31 मध्ये. 2¹⁰⁰⁰ मध्ये 302 अंक आहेत, म्हणून 0.301 ते 0.302 मध्ये. नुसते अंक मोजून लॉग-कोष्टकातली 0.3010 ही किंमत जवळ येत जाते, ही या सिद्धतेतली सर्वांत सुंदर गोष्ट.

1 पेक्षा मोठ्या कोणत्याही x साठी हेच करता येते. xⁿ ची जागा 10 च्या दोन लागोपाठच्या घातांमध्ये ठरली, की f(x) ला हलायला 1/n एवढीच जागा उरते. N वाढवत नेले, की तीही नाहीशी होते. 10 पाया असलेला लॉगरिदमही नेमक्या याच मर्यादांत बसतो, म्हणून दोन्ही किमती एकच. 1 पेक्षा लहान संख्यांसाठी f(1/x) = −f(x) पुरेसे आहे. f(10) ची किंमत 1 ऐवजी दुसरी धन संख्या घेतली, तर लॉगरिदमचा पाया तेवढा बदलतो.

वाढत जाण्याची अट मात्र सोडता येत नाही. तिच्या जागी सातत्य घेतले तरी चालते, हे कोशीने 1821 मध्ये दाखवले. तेव्हा सर्वत्र शून्य असलेले फल आणि उतरते लॉगरिदमही उत्तरांत येतात. दोन्ही अटी काढल्या, तर 1905 मध्ये हामेलने निवडीच्या गृहीतकाच्या आधारे सिद्ध केल्याप्रमाणे, लॉगरिदम नसलेली फलेही हे समीकरण पाळतात. त्यांचा आलेख इतका विस्कटलेला असतो, की उजव्या अर्धप्रतलातल्या कितीही लहान वर्तुळात त्याचा एखादा बिंदू सापडतोच.