रक्त थांबल्यावरची गोळी

दुखणं थांबलं की औषध थांबवायचं, हा आपल्या घराघरांतला हिशेब ताप, खोकला, डोकेदुखी यांच्या बाबतीत बहुतेक वेळा जुळतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तो चुकतो, आणि चूक लगेच लक्षात येत नाही म्हणून महागात पडते. या आजारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि तिथून अखंड वर सरकते. कुणात ती गुदाशयापुरतीच राहते, कुणात संपूर्ण मोठं आतडं व्यापते. दुर्बिणीतून निरोगी अस्तर गुलाबी, चकचकीत दिसतं आणि त्याखालच्या रक्तवाहिन्यांची बारीक जाळी स्पष्ट दिसते. सूज आली की ही जाळी आधी पुसट होते, मग दिसेनाशी होते. अस्तर लालभडक, खरबरीत होतं आणि दुर्बिणीचं टोक नुसतं टेकलं तरी त्यातून रक्त येतं. सूज आणखी वाढली की तिथे व्रण पडतात. शौचातून पडणारं रक्त या सोललेल्या पृष्ठभागावरून येतं.

आपल्याकडे शौचातून रक्त म्हटलं की पहिला संशय मूळव्याधीवर जातो, आणि कितीतरी जण महिनोन् महिने मलमं लावत बसतात. मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक असतं. ते शौचानंतर थेंबथेंब गळतं किंवा शौचाच्या बाहेरून लागलेलं दिसतं. शौच मात्र एरवीसारखीच होते. कोलायटिसमध्ये रक्त आवेबरोबर पातळ शौचात मिसळलेलं असतं. जावं लागतं ते घाईघाईनं, कुंथूनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, आणि कधी नुसतं रक्त आणि आव पडते. रात्री झोपेतून उठून जावं लागणं ही महत्त्वाची खूण आहे. अर्थात नुसत्या लक्षणांवरून निदान होत नाही. अमीबाचा आमांश, जिवाणूंचा संसर्ग आणि आतड्याचा क्षयही अशीच सोंगं आणतात, म्हणून शौचाची तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला अस्तराचा तुकडा लागतो. आधीपासून कोलायटिस असलेल्या रुग्णाला पुन्हा रक्त पडू लागलं तरी संसर्ग आधी तपासायचा. घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करायच्या नाहीत, कारण अमीबाच्या संसर्गात त्या घातक ठरू शकतात.

एक नेहमीचं चित्र घेऊ. समजा, तिशीतल्या एका रुग्णाला दिवसातून पाच वेळा रक्तमिश्रित शौच होत होती. मेसालामिनच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत रक्त थांबलं, शौच दिवसातून एकदा आणि बांधून होऊ लागली. वर्ष बरं गेलं. मग गोळी एक दिवसाआड झाली, पुढे सुटलीच. दोन महिने काहीच बिघडलं नाही, आणि त्यातून ‘गोळीची गरजच नव्हती’ असा निष्कर्ष निघाला. तिसऱ्या महिन्यात आधी आव दिसली, मग सकाळची घाई सुरू झाली, मग रक्त. या मधल्या शांततेनंच सगळा घोटाळा होतो. लक्षणं थांबतात तेव्हा अस्तर पूर्ण भरून आलेलं असतंच असं नाही. दुर्बिणीतून ते जवळपास निरोगी दिसत असलं तरी सूक्ष्मदर्शकाखाली सुजेच्या पेशी सापडू शकतात. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाची तपासणी अशी लपलेली सूज अनेकदा लक्षणांआधी पकडते. शिवाय मेसालामिन रक्तातून काम करण्यापेक्षा आतड्याच्या आतून, अस्तराला प्रत्यक्ष भिडून काम करतं. म्हणून तर त्या गोळीवर खास आवरण असतं आणि ती चावून किंवा फोडून घ्यायची नसते. आवरण पोटात टिकून पुढे विरघळलं तरच औषध योग्य जागी पोहोचतं. रोजचं औषध रोज अस्तरापर्यंत जायला हवं. वर्षभर घेतलेल्या गोळ्यांची शिल्लक पुढच्या वर्षासाठी आतड्यात साठत नाही.

याला पुरावा काय, हा प्रश्न रास्तच आहे. वर्षभर बरं वाटलं की औषध सोडावं का, नेमकं हेच तपासणारा प्रयोग ऑक्सफर्डच्या दिसानायके आणि ट्रुलव्ह यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केला. सल्फासालाझिन या जुन्या औषधावर किमान वर्षभर लक्षणमुक्त असलेले 64 रुग्ण त्यांनी घेतले. काहींचं औषध चालू ठेवलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली. सहा महिन्यांत बिनऔषधी गटात आजार उलटण्याचं प्रमाण चौपटीहून अधिक निघालं. पुढे 2003 मध्ये अमेरिकेतल्या सुनंदा केन आणि सहकाऱ्यांनी मेसालामिन घेणाऱ्या, आजार शांत असलेल्या 99 रुग्णांचा मागोवा घेतला. पहिल्या सहा महिन्यांत 12 जणांचा आजार उलटला, आणि ते सगळेच्या सगळे ठरलेल्या गोळ्यांचे डोस चुकवणारे होते. यावर कुणी म्हणेल, नियमित गोळ्या घेणारे लोक एकूणच तब्येतीला जपत असतील, श्रेय गोळीचं कशावरून? एकट्या दुसऱ्या अभ्यासावर ही शंका बरोबर ठरली असती. पण पहिल्या प्रयोगात कुणाला खरी गोळी मिळणार हे रुग्णाच्या स्वभावानं ठरलं नव्हतं, आणि तरीही निकाल त्याच बाजूला गेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गोळी सोडूनही काही जण बरे राहतातच, मग सगळ्यांनी का घ्यावी? हे खरं आहे. पण ते नशीबवान कोण, हे आधी सांगता येत नाही. पैज हरली तर पुन्हा रक्त, रजा आणि बहुधा स्टेरॉइड पदरी पडतं. स्टेरॉइड उसळी शमवतं, पण आजार शांत ठेवण्यासाठी त्याचा उपयोग नाही; उलट ते लांबलं तर हाडं ठिसूळ करतं आणि साखर वाढवतं. तेव्हा ‘सदा गोळ्या नकोत’ म्हणून मेसालामिन सोडणारा माणूस बहुतेक वेळा अधिक जड औषधाकडे चालत जातो. दुष्परिणामांची भीती अगदीच निराधार नाही. मेसालामिन क्वचित मूत्रपिंडाला त्रास देतं, म्हणून ठरावीक काळानं क्रिएटिनिन तपासतात. सल्फासालाझिननं पुरुषांतल्या शुक्राणूंची संख्या घटते, पण औषध बदलल्यावर ती पूर्ववत होते. अडचण असेल तर डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं. दिवसातून तीनदा जमत नसेल तर एकदाच सगळा डोस घेण्याची सोय असते. आजार गुदाशयापुरता असेल तर गुदद्वारातून घालायची औषधी वडीही चालते. गर्भ राहिला म्हणूनही मेसालामिन आपल्या मनानं बंद करायचं नसतं, कारण गरोदरपणात उसळलेला आजार त्या औषधापेक्षा जास्त धोक्याचा असतो. अझाथायोप्रिन किंवा इंजेक्शनची औषधं चालू असतील तर एखादं कमी करता येईल का, हा निर्णयही तपासण्या पाहून तज्ज्ञानं घ्यायचा. बरं वाटणं हा त्याचा निकष नव्हे.

एवढं करूनही आजार उसळू शकतो, कारण गोळी धोका कमी करते, शून्यावर आणत नाही. तेव्हा शौचाच्या खेपा मोजा, त्यांतल्या किती रक्ताच्या ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना तो आकडा सांगा. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच होत असेल आणि त्याबरोबर 100 अंश फॅरनहाइटच्या वर ताप किंवा मिनिटाला 90 च्या वर नाडी असेल, तर घरी थांबू नका, जुलाब बांधणाऱ्या गोळ्या घेऊ नका, थेट रुग्णालय गाठा. आणि ज्या दिवशी यातलं काहीच नसेल, शौच साफ झाली असेल आणि आजाराची आठवणही आली नसेल, त्या दिवशीचीही गोळी घ्या.