गळ्यातलं नेमकं तुटतं कुठे?

रोज घालायचं मंगळसूत्र दुरुस्तीला येतं, तेव्हा चेन मधोमध तुटलेली सहसा नसते. तुटलेली असते हुकाशेजारची शेवटची कडी, नाहीतर ज्या कडीत वाट्या किंवा पेंडंट अडकवलेलं असतं ती. कधी कडी तुटलेलीही नसते, नुसती उघडलेली असते. विकत घेताना मात्र आपलं सगळं लक्ष चेनच्या घडणीवर आणि पेंडंटच्या नक्षीवर असतं. मजबुती पाहायची तर चेन हातात धरून ओढून बघतो आणि समाधान मानतो. जिथे दागिना खरोखर झिजतो त्या दोन-तीन जागा पाहायच्या राहूनच जातात.

बावीस कॅरेटमध्ये सोन्याचा अंश ९१.६ टक्के असतो, म्हणून हे सोनं मऊ असतं. चेनच्या मधल्या कड्या एकमेकींसोबत थोड्याथोड्या हलतात. पेंडंटची कडी मात्र दिवसभर एकाच जागी चेनवर घासत राहते आणि पेंडंटचं सगळं वजन त्याच जागेवर लोंबतं. वाकून केर काढताना, बाळाला उचलताना, गाडीत पट्टा लावताना पेंडंट झोका घेतं आणि दर वेळी सोन्याचा अगदी सूक्ष्म कण निघून जातो. काही वर्षांनी कडीच्या आतल्या वरच्या बाजूला खाच पडते. बाहेरून कडी पूर्वीसारखीच गोल आणि चकचकीत दिसते. चेन बाजूला सारून, कडी उजेडासमोर धरून आतून पाहिलं तरच ती खाच दिसते. कडीची जाडी तिथे निम्म्यावर आली असेल, तर तुटण्याची वाट न पाहता ती बदलून घ्यावी.

आता वजनाकडे येऊ. ‘रोजच्या वापराला किती ग्रॅमचं घ्यावं?’ हा प्रश्न सराफाला रोज विचारला जातो, पण लांबी सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. दहा ग्रॅमचा, म्हणजे आजच्या हिशोबाने तोळ्याचा, एक दागिना घेऊ. त्यातले दोन ग्रॅम वाट्या आणि सोन्याच्या मण्यांत गेले. हूक आणि जोडाच्या कड्यांना पाऊण-एक ग्रॅम गेला. चेनला उरले साधारण ७.२ ग्रॅम. हेच सोनं १८ इंचांच्या चेनमध्ये घातलं तर एका इंचाला ०.४० ग्रॅम येतं आणि ३० इंचांच्या लांब मंगळसूत्रात घातलं तर ०.२४ ग्रॅम. घडण तीच ठेवली तर लांब चेनची तार जवळजवळ पाव हिश्शाने बारीक होते आणि ताण सोसण्याची तिची ताकद साठ टक्क्यांवर येते. दोन्हींच्या बिलावर आकडा एकच, दहा ग्रॅम. म्हणून रोजच्यासाठी तोळाभरच सोनं घालायचं असेल, तर ते आखूड चेनमध्ये घालावं आणि लांब गंठण सणासमारंभाला ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लांबच हवं असेल, तर त्या मानाने वजन वाढवायला हवं. ३० इंचांत आखूड चेनइतकाच दणकटपणा हवा असेल, तर नुसत्या चेनलाच बारा ग्रॅम लागतात.

कमी वजनात जाड दिसणारी चेन दाखवली तर ती पोकळ आहे का, हे थेट विचारावं. पोकळ चेनच्या कड्या नळीच्या असतात आणि नळीची भिंत फार पातळ असते. घासून भिंतीला भोक पडलं की तिथे नीट डाख बसत नाही, आणि चेपलेली कडी पुन्हा गोल होत नाही. लग्नाला दोन तास घालायला अशी चेन चालेल, पण अंगावरून कधीच न उतरणाऱ्या दागिन्याला ती घेऊ नये. सापाच्या अंगासारखी गुळगुळीत, सलग दिसणारी चेनही रोजच्याला टाळावी. झोपेत एकदा मुडपली की तिचा दुमड जात नाही आणि पुढे ती तिथेच तुटते. साध्या, सुट्या, भरीव कड्यांची चेन दिसायला सामान्य असते, पण कुठलाही सोनार ती जोडू शकतो.

काळे मणी आले की आणखी एक जागा पाहावी लागते. तयार चेनमध्ये मण्यातून बारीक सोन्याची तार काढून तिची दोन्ही टोकं वळवून फासे केलेले असतात. त्या सगळ्या दागिन्यात ही तार सगळ्यांत बारीक असते आणि फाशाला बहुधा डाख नसतो. केसात किंवा स्वेटरच्या लोकरीत अडकून हा फासा हळूहळू उघडतो. चेनमध्ये असे मणी जितके जास्त, तितक्या कच्च्या जागा जास्त. मण्यांचे दोन-चार झुबके आणि बाकी भरीव चेन अशी रचना रोजच्याला अधिक टिकते. दोऱ्यात ओवलेल्या पोतीचा प्रकार वेगळा. तिथे काचमण्याच्या भोकाची धार दोरा कापत असते. दोरा पिंजलेला दिसला, किंवा पोत सैल पडून मण्यांमध्ये फट दिसू लागली, की पटवेकऱ्याकडून ती पुन्हा गाठवून घ्यावी. वाट्यांच्या दोन्ही बाजूंना घट्ट गाठ मारायला सांगावं. दोरा दुसरीकडे तुटला तर मणी विखुरतात, पण गाठींमुळे वाट्या दोऱ्यावर राहतात.

वाट्यांचंही आतलं पाहावं. पारंपरिक वाटी पातळ पत्र्याची, आतून पोकळ आणि लाखेने भरलेली असते. लाखेमुळे पत्रा चेपत नाही, म्हणून ती पद्धत वाईट नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लाखेचं आणि मण्यांचं वजन सोन्याच्या भावाने द्यायचं नसतं. हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या बिलावर निव्वळ सोन्याचं वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचा आकार वेगवेगळा लिहिलेला असायला हवा. दुसरं म्हणजे, लाख भरलेल्या वाटीची कडी पुढे झिजली, तर तिला डाख देताना आचेने आतली लाख वितळते. ती आधी काढून नंतर पुन्हा भरावी लागते. त्यामुळे अशा वाटीची कडी पहिल्यापासूनच जाड असलेली बरी.

या कडीला किती सोनं लागतं, याचा हिशोब पाहण्यासारखा आहे. आतून तीन मिलिमीटर रुंदीची कडी ०.८ मिलिमीटरच्या तारेची केली, तर तिला सुमारे १०५ मिलिग्रॅम सोनं लागतं. तीच १.२ मिलिमीटरच्या तारेची केली, तर सुमारे २६५ मिलिग्रॅम. फरक फक्त १६० मिलिग्रॅमचा, पण तारेचा छेद सव्वादोन पट होतो आणि झिजायला तितकं जास्त सोनं मिळतं. एका तोळ्यात हा फरक पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. पेंडंटच्या नक्षीतला एखादा पाकळीभर तुकडा कमी करूनही तो भरून निघतो. म्हणून दागिना करायला टाकताना सांगावं, ‘कड्या जाड तारेच्या करा आणि प्रत्येक कडीला डाख द्या.’ नुसती दाबून बंद केलेली कडी ओळखायला नख पुरतं. कडीवरून नख गोल फिरवलं आणि ते एका जागी अडकलं, तर तिथे सांधा उघडा आहे. डाख दिलेल्या कडीवर नख अडत नाही.

हुकांत रोजच्या वापराला तीन प्रकार समोर येतात. एस आकाराचा हूक भरीव असतो आणि त्यात स्प्रिंग नसते, म्हणून तो बिघडत नाही. पण तो मऊ सोन्याच्या वाकण्यावर टिकतो. दर आठवड्याला काढून घालणाऱ्या बाईचा एस हूक सैल होतोच. त्याच्या टोकाच्या फटीतून शिवणाचा दोरा सरकला, तर कडीही कधीतरी सरकेल. जी कधी काढतच नाही, तिच्यासाठी हाच हूक उत्तम. सोनाराकडून फट दाबून घ्यायची, एवढंच. लॉबस्टर हुकाच्या आत छोटी स्प्रिंग असते आणि ती सोन्याची नसते. घाम, साबण, तेल आत शिरून ती मंदावते. घेताना खटका मागे ओढून सोडावा. तो लगेच, पूर्ण आणि आवाज करत बंद व्हायला हवा. बोटाने ढकलून बंद करावा लागत असेल तर तो बदलून मागावा. मूठभर दिसणारा मोठा हूक नको, पण अगदी तांदळाएवढाही नको, कारण त्यातली स्प्रिंग तितकीच नाजूक असते. फिरवून बंद करायचा मळसूत्राचा हूक दिसायला सुबक असतो, पण मानेच्या हालचालीने हळूहळू उलटा फिरतो. तो घ्यायचाच असेल, तर शेजारी दोन इंचांची सेफ्टी चेन जोडून घ्यावी. चुंबकाचा हूक सोन्याच्या दागिन्याला नकोच. मूल लोंबकळलं तरी तो सुटतो.

बारीक चेन आणि हूक टिकायचा असेल, तर अठरा कॅरेटचाही विचार करावा. त्यात सोनं ७५ टक्के असतं आणि मिसळलेल्या धातूमुळे ते अधिक कडक असतं. हुकाचा आकार टिकतो आणि कडी हळू झिजते. मोडताना भाव अठराचाच मिळतो, पण घेतानाही तो तितकाच कमी असतो. बावीसच्या दागिन्यावर २२के९१६ आणि अठराच्या दागिन्यावर १८के७५० ही शुद्धतेची खूण असते. तिच्यासोबत बीआयएसचं चिन्ह आणि अक्षर-अंकांचा सहा खुणांचा एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना एचयूआयडीशिवाय विकता येत नाही, आणि हा क्रमांक बीआयएस केअर अॅपवर घातला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला मात्र सक्ती नाही. सुट्या घेतलेल्या हलक्या वाट्या म्हणूनच बिनशिक्क्याच्या असू शकतात. त्यांची शुद्धता बिलावर लिहून घ्यावी.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन. कितीही ओढलं तरी तुटणार नाही, असं मंगळसूत्र मागू नये. गर्दीत कुणी हिसका दिला, चेन लोकलच्या दारात किंवा चालत्या यंत्रात अडकली, तर सोनं आधी तुटायला हवं, मान नव्हे. म्हणून वाट्यांच्या कड्या सगळ्यांत दणकट ठेवाव्यात, चेन त्याखालोखाल आणि हुकाला जोडणारी मानेमागची कडी चेनच्या कड्यांपेक्षा किंचित बारीक, पण डाख दिलेली. हिसका बसलाच तर चेन मागे सुटते. ही कडी सोनार दहा मिनिटांत बदलतो, तिला फार सोनंही लागत नाही. पिठाच्या गिरणीत, कारखान्यात किंवा यंत्राजवळ काम करणाऱ्या बाईने लांब मंगळसूत्र ब्लाउजच्या आत खोचून ठेवणंही पुरेसं नाही. वाकलं की ते बाहेर येतं. तिथे कामाच्या वेळी ते काढूनच ठेवावं.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या गर्दीआधी, दागिना सराफाकडे नेऊन स्वच्छ करून घ्यावा आणि त्याच वेळी वजन करून पाहावं. घेताना बिलावर मण्यांसकट एकूण वजनही लिहून घेतलं असेल, तर तुलना सोपी जाते. थोडी घट झिजेमुळे येणारच. पण एका वर्षात वजन आधीच्या वर्षांपेक्षा जास्त उतरलं, तर एखादा मणी गळाला आहे किंवा एखादी कडी वेगाने कातरली जाते आहे. तेव्हा हूक, मानेमागची कडी आणि वाट्यांच्या कड्या भिंगातून पाहायला सांगावं.