अडवलेला षड्ज

रिचर्ड वाग्नरचा ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’ हा ऑपेरा १० जून १८६५ रोजी म्युनिकमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आला. त्याची सुरुवात चेलो करतात. आपल्या पद्धतीने मूळ स्वराला सा म्हटलं, तर ते सा वरून कोमल धैवतावर झेपावतात आणि पंचमावरून तीव्र मध्यमावर उतरतात. तिथे फुंकवाद्यं एक धूसर, बेचैन कॉर्ड धरतात. ओबो शुद्ध निषादापासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढत शुद्ध रिषभावर पोचतो आणि थांबतो. त्या वेळी खाली पंचमावर रचलेली कॉर्ड वाजत असते. पाश्चात्त्य संगीतावर वाढलेल्या कानाला ती एकच गोष्ट सांगते: आता षड्जावर परतायचं. पण षड्जाची कॉर्ड येतच नाही. शांतता पसरते आणि तोच सवाल आणखी वरच्या स्वरात पुन्हा विचारला जातो.

सतराव्या मात्राखंडात वाद्यमेळ अखेर पंचमाच्या कॉर्डवरून पुढे सरकतो. आता षड्ज नक्की, असं वाटत असतानाच कोमल धैवतावरची कॉर्ड उमलते. कित्येकांच्या अंगावर काटा येतो तो इथे.

असं का व्हावं? अमेरिकन अभ्यासक लिओनार्ड मेयर यांनी १९५६ साली याचं उत्तर मांडलं. ऐकणाऱ्याचं मन सतत पुढचा स्वर हेरत असतं, आणि ही अपेक्षा अडवली किंवा लांबवली की भावना जागी होते, असं त्यांचं म्हणणं. अपेक्षेसाठी संगीत शिकावं लागत नाही. हजारो गाणी ऐकताना कोणत्या कॉर्डनंतर बहुधा कोणती येते, हे कान नकळत टिपून ठेवतो.

पण अपेक्षाभंग तर त्रासदायक असतो. त्यातून सुख कसं मिळतं? डेव्हिड ह्युरन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात शरीराकडे बोट दाखवलं. अंदाज चुकणं हा मेंदूच्या लेखी धोक्याचा इशारा. तो विचाराआधीच पोचतो आणि अंगावरचे केस उभे राहतात, जसे घाबरलेल्या मांजराचे राहतात. क्षणभराने विचार करणारा भाग निर्वाळा देतो की धोका नाही, हे तर संगीत आहे. भीती उठते आणि लगेच विरते. या दोहोंमधला फरक जितका तीव्र, तितका सुखाचा शहारा मोठा.

म्हणून नुसता धक्का पुरत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकप्रिय इंग्रजी गाण्यांमधले कॉर्डक्रम तेवढे वेगळे काढून लोकांना ऐकवले. पुढे काय येणार याची ऐकणाऱ्याला खात्री असताना आलेली अनपेक्षित कॉर्ड विशेष आवडली. जिथे कशाचीच खात्री नव्हती, तिथे मात्र अंदाज बरोबर ठरणंच सुखाचं वाटलं. वाग्नरचा सतरावा मात्राखंड पहिल्या प्रकारात चपखल बसतो.

मग दहाव्यांदा ऐकतानाही काटा का येतो? कारण अपेक्षा दोन थरांची असते. ‘ही रचना मला पाठ आहे’ हा एक थर. ‘असं झालं की साधारणपणे तसं होतं’ ही वर्षानुवर्षांची सवय हा दुसरा. पाठांतराने सवय पुसली जात नाही, ती दर वेळी नव्याने फसते. उलट ओळखीमुळे वाट पाहण्यात रस भरतो. माँट्रियलमधल्या संशोधकांनी २०११ साली लोकांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवून मेंदूतलं डोपामिन तपासलं. शहाऱ्याच्या आधी, वाट पाहताना ते मेंदूच्या एका भागात स्रवलं आणि ऐन क्षणी दुसऱ्या भागात.

ख्यालाच्या मैफलीत बसणाऱ्याला हे अनोळखी नाही. निषादावर रेंगाळून तार षड्ज लांबवणारा गायक हेच करतो, कॉर्डशिवाय.

या सिद्धांतालाही मर्यादा आहेत. काही माणसांना संगीताने कधीच काटा येत नाही. शिवाय आवाज एकाएकी वाढला किंवा शांततेतून गळा उमटला, तरी तो येतो. तिथे हार्मनीचा संबंध नसतो. आणि पाश्चात्त्य कॉर्डची सवय नसलेल्या कानाला सतरावा मात्राखंड फसवणार तरी कसा?

वाग्नरने वाट पाहण्याचा हा खेळ ऑपेराभर ताणला. दुसऱ्या अंकातलं प्रेमिकांचं युगुलगीत लाटेवर लाट चढवत स्थिरावण्याच्या उंबऱ्याशी येतं आणि नेमकी त्याच क्षणी ब्रांगेनेची किंकाळी ते चिरते. राजा मार्के येऊन ठेपतो. तेच संगीत तिसऱ्या अंकाच्या अखेरीस इझोल्डे एकटी गाते, आणि या वेळी कॉर्ड अडत नाही. सुरुवातीची बेचैन कॉर्डही शेवटच्या मात्रांमध्ये एकदा डोकावून विसावते. दरम्यान जवळपास चार तासांचं संगीत होऊन गेलेलं असतं.

मैफलींत बहुधा फक्त प्रारंभ आणि शेवट जोडून वाजवतात. सगळं वीसेक मिनिटांत आटोपतं. सबंध ऑपेरा ऐकायला वेळ नसेल, तर निदान दुसऱ्या अंकातलं ते युगुलगीत किंकाळीपर्यंत ऐकावं आणि मगच इझोल्डेचं अखेरचं गाणं लावावं.