सगळीकडे ‘ते’ लिहिणारा मुलगा

मराठी घरात बोलली जात नाही अशा सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी मी एक छोटी गोष्ट लिहिली होती. प्रत्येक क्रियापदाचा शेवट गाळून तिथे रेघ ठेवली होती आणि मुलांनी त्या रेघेवर ‘तो’ किंवा ‘ते’ लिहायचे होते. गोष्ट अशी होती:

कोंबडा आरव__. आजी उठ__ आणि चूल पेटव__. आजोबा ओटीवर बस__. बाहेर पाऊस पड__. अंगणातून पाणी वाह__. मांजर चुलीजवळ ये__. राजूला भूक लाग__. मीना त्याला भाकरी दे__. राजूला भाकरी आवड__. मीना दूध पि__. मांजर तिच्याकडे पाह__.

एका मुलाने दोन मिनिटांत कागद परत दिला. त्याने बाराही रेघांवर ‘ते’ लिहिले होते आणि त्यातली नऊ उत्तरे बरोबर होती. बाकीची मुले बोटाने शब्द धरून वाचत होती, त्यांतल्या काहींना सात-आठच गुण पडले. चूक मुलाची नव्हती. मी गोष्ट लिहिताना उत्तरे मोजलीच नव्हती.

2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हापासून असे कागद खूप लागतात. पालकही घरी बसून ते तयार करतात. एक गोष्ट आणि बारा रेघा, काम सोपे दिसते. पण मराठीत या रेघेमागे बरेच काही लपलेले आहे.

इंग्रजीत ‘तो’ असो वा ‘ती’, क्रियापदाला एकच शेपूट लागते. मराठीत कोण करतो एवढे कळून भागत नाही, करणाऱ्याचे लिंगही माहीत असावे लागते. मुलगा जातो, मुलगी जाते, मूल जाते. बोलताना आपण ‘मूल जातं’ म्हणतो, त्यामुळे तीन लिंगांचे तीन शेवट कानाला वेगळे ऐकू येतात. छापील मराठीत मात्र स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग एकाच ‘ते’वर येऊन थांबतात. त्या मुलाचा हिशेब जमला तो यामुळेच. माझ्या गोष्टीत आजी, भूक, भाकरी, मीना या स्त्रीलिंगी आणि पाणी, मांजर ही नपुंसकलिंगी. ‘तो’च्या वाट्याला फक्त कोंबडा आणि पाऊस आले होते.

क्रियापदात हे लिंग मुळात शिरले कुठून? ‘करतो’, ‘जाते’ ही रूपे जुन्या काळच्या विशेषणासारख्या शब्दांपासून, धातुसाधितांपासून आली. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, ‘मोठा मुलगा, मोठी मुलगी’ होते, आणि तीच सवय क्रियापदाला लागली. त्याआधीचे रूप आजही आपल्या वापरात आहे: ‘आजोबांचा घोडा रोज नदीवर जाई’, ‘गायही जाई’. एके काळी हे वर्तमानकाळाचे रूप होते. आता ते भूतकाळातली सवय सांगते आणि त्यात घोडा-गाय असा भेद नाही.

मग मी गोष्ट बदलायला घेतली. मांजराच्या जागी बोका आणला, म्हणजे ‘येतो’ आणि ‘पाहतो’ मिळाले. दूध मीनाऐवजी राजूला दिले आणि ‘पितो’ मिळाले. भाकरी देण्याचे वाक्य काढले, आणि राजूला भाकरी आवडते त्याच्या शेजारी नवे वाक्य ठेवले: मीनाला लाडू आवड__.

सगळ्यांत जास्त चुका याच जोडीत झाल्या. मुलाला राजू दिसतो, म्हणून तो ‘राजूला भाकरी आवडतो’ लिहितो. मीना दिसते, म्हणून ‘मीनाला लाडू आवडते’ लिहितो. पण नावाला ‘ला’ लागला की क्रियापद त्या माणसाकडे बघत नाही. ते भाकरीकडे बघते, लाडवाकडे बघते. ‘राजूला भूक लागते’ इथेही तेच. अशी दोन वाक्ये उलटसुलट लिंगांची शेजारी ठेवली, की मूल नाव बघून लिहिते आहे की वाक्य वाचून, हे लगेच कळते. एकच वाक्य असेल तर अंदाजही बरोबर येऊ शकतो.

दुसरी चूक पाऊस आणि पाण्यापाशी होते. हिंदी बोलणारी मुले ‘पाऊस पडते’ आणि ‘पाणी वाहतो’ लिहितात. हिंदीत ‘बारिश’ स्त्रीलिंगी, ‘पानी’ पुल्लिंगी आणि नपुंसकलिंग तर नाहीच. अशा मुलाला प्रत्ययाचा नियम पुन्हा सांगण्यात अर्थ नाही, तो त्याला येतो. त्याला ‘तो पाऊस’, ‘ते पाणी’ असे शब्द जोडीने द्यावे लागतात. सातारा-कोल्हापूरकडच्या घरातले मूल ‘आजी उठती’ लिहिते, तेव्हा त्याने लिंग अगदी बरोबर ओळखलेले असते. घरचा शेवट आणि पुस्तकातला शेवट वेगळा, एवढेच तिथे सांगायचे. ‘पाणी वाहतं’ लिहिणाऱ्यालाही मी पूर्ण गुण देते.

नव्या गोष्टीत एक वाक्य मी मुद्दाम रेघेविना ठेवले: मीना दूध पीत नाही. नकार आला की ‘तो’ही जातो आणि ‘ते’ही जाते. राजू पीत नाही, मीना पीत नाही, मूल पीत नाही. इथे रेघ ठेवली असती तर मुलांनी ‘पिते नाही’ लिहिले असते, आणि ते शिकवायला दुसरा दिवस हवा. शिवाय ‘पितो’मधला ऱ्हस्व ‘पि’ इथे दीर्घ होतो. एका कागदावर एवढे पुरे.

आजोबांच्या वाक्यातली रेघही मी काढली आणि ‘बसतात’ हा शब्द पूर्ण छापला. आजोबा एकटेच आहेत, पण आदरापोटी त्यांना अनेकवचन लागते. पहिल्या कागदावर बऱ्याच जणांनी ‘आजोबा बसतो’ लिहिले होते. व्याकरण म्हणून पाहिले तर त्यांनी शिकवलेलाच नियम लावला होता, त्यामुळे लाल रेघ मारायला माझा हात धजला नाही.

आता कागदावर अकरा रेघा आहेत: सहा ‘तो’, पाच ‘ते’. सगळीकडे ‘ते’ लिहिले तर अकरापैकी पाच मिळतात. कागद वाटण्याआधी मी आणखी एक गोष्ट करते. प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द अंगठ्याने झाकते आणि रेघ भरता येते का ते बघते. ‘...आरव__’ भरता येते, कारण कोंबड्याशिवाय सहसा दुसरे कोणी आरवत नाही. ते वाक्य पहिलेच असल्यामुळे ठेवले, हात बसायला एक सोपे वाक्य हवेच. ‘...चुलीजवळ ये__’ मात्र भरता येत नाही. तिथे अंगठा काढून बोका बघावाच लागतो.

नवा कागद वाटला त्या दिवशी, ज्याने सगळीकडे ‘ते’ लिहिले होते त्याच मुलाने हात वर केला. “टीचर, आजी उठते आणि आजोबा बसतात, असं का? आजी मोठी नाही का?”

मराठी घरांत आईला आणि आजीला ‘अगं’ म्हणतात, आजोबांना ‘अहो’, एवढेच मला त्याला सांगता आले. तो थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने आजीपुढच्या दोन्ही रेघांवरचे ‘ते’ खोडले आणि ‘तात’ लिहिले. मी दोन्ही बरोबर धरले.